गॅसबत्तीच्या मेंटलमधली दोन टोकं: अल्फा क्षयाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात पदवीच्या मुलांना अणुभौतिकी शिकवतो. दरवर्षी अल्फा क्षयाचा धडा मी एका जुन्या गॅसबत्तीच्या मेंटलपासून सुरू करतो. वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत डोक्यावरून मिरवलेल्या त्या बत्त्या आता फारशा दिसत नाहीत, पण जुन्या बाजारात त्यांचे सुटे भाग अजून सापडतात. मेंटलला पातळ खिडकीचा गायगर काउंटर लावला, की तो टकटकायला लागतो आणि वर्ग गप्प होतो. पुढच्या दोन तासांत जे प्रश्न येतात, ते साधारण हेच असतात. उत्तरं फळ्यावर पूर्ण होत नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

मेंटलमध्ये असं काय आहे?

थोरियम ऑक्साइड. ज्योतीत तापल्यावर ते पांढराशुभ्र प्रकाश देतं, म्हणून जुन्या मेंटलच्या जाळीत ते घालत असत. हल्लीच्या बऱ्याच मेंटलमध्ये ते नसतं, त्यामुळे काउंटर गप्प राहिला तर तो बिघडला असं समजू नका.

हे थोरियम म्हणजे थोरियम-२३२. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे १,४०० कोटी वर्षं आहे, म्हणजे विश्वाच्या वयाइतकंच. ते अल्फा कण, म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनचा घट्ट गोळा, टाकतं आणि तिथून एक साखळी सुरू होते: रेडियम, थोरियम-२२८, पुन्हा रेडियम, मग थोरॉन वायू आणि असं करत शेवटी शिसं. त्या साखळीत अगदी शेवटाआधी पोलोनियम-२१२ येतं. तेही अल्फा कणच टाकतं, पण त्याचं अर्धायुष्य आहे ०.३ मायक्रोसेकंद.

एकाच जाळीत, एकाच प्रकारच्या क्षयाची ही दोन टोकं. दोन अर्धायुष्यांचं गुणोत्तर काढलं तर एकावर चोवीस शून्यं येतात. आणि ऊर्जेतला फरक? थोरियमच्या क्षयात ४.०८ एमईव्ही, म्हणजे दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, इतकी मोकळी होते, पोलोनियमच्या क्षयात ८.९५. जेमतेम सव्वादोन पट. सव्वादोन पटीतून चोवीस शून्यं कशी निघतात, या एका प्रश्नासाठी हे सगळं पान आहे.

१,४०० कोटी वर्षं कोणी मोजली? तेवढं कोण थांबलं होतं?

थांबावं लागत नाही, कारण अणू अफाट संख्येने असतात. एक मिलिग्रॅम थोरियममध्ये सुमारे २.६ गुणिले १० चा अठरावा घात इतके अणू असतात. त्यांतले दर सेकंदाला सरासरी चार फुटतात. अणू किती आहेत हे वजनावरून कळतं, किती फुटले हे काउंटर सांगतो. भागाकार केला की अर्धायुष्य हातात येतं.

पोलोनियमचं उलट आहे. जुन्या मेंटलमधल्या एक मिलिग्रॅम थोरियममागे पोलोनियम-२१२ चे सेकंदाला दोन-तीन अणू तयार होतात, पण ते इतक्या लवकर जातात की कुठल्याही क्षणी पाहिलं तर बहुतेक वेळा एकही अणू हजर नसतो. सरासरी संख्या एका अणूच्या दशलक्षाव्या भागाइतकी येते. म्हणून तिथे वाट पाहण्याचा काळच मोजतात. आधीचं बिस्मथ-२१२ बीटा कण टाकतं, त्या क्षणी घड्याळ सुरू होतं. पोलोनियमचा अल्फा आला की घड्याळ थांबतं. अशा हजारो नोंदींचा आलेख काढला, की घसरणीच्या उतारावरून ०.३ मायक्रोसेकंद मिळतो.

अल्फा कणाला अडवतं कोण?

अणुकेंद्राच्या आत प्रबळ केंद्रकीय बल त्याला धरून ठेवतं. पण ते बल फार आखूड पल्ल्याचं आहे. कण पृष्ठभागापासून जरा बाहेर आला की ते संपतं आणि फक्त विद्युत प्रतिकर्षण उरतं, कारण अल्फाही धन आणि उरलेलं केंद्रही धन. आत खड्डा आणि बाहेर उतरता डोंगर, असं चित्र डोळ्यांसमोर आणा.

थोरियमसाठी आकडे घालू. अल्फा गेल्यावर उरतं रेडियम-२२८, त्यात ८८ प्रोटॉन. दोघं एकमेकांना टेकलेले असताना त्यांच्या मध्यांतलं अंतर सुमारे ९.२ फेमटोमीटर असतं. त्या अंतरावर प्रतिकर्षणाची ऊर्जा २७ एमईव्हीच्या थोडी वर येते. हा डोंगराचा माथा. अल्फाकडे ऊर्जा आहे ४.०८. जुन्या यांत्रिकीच्या नियमांनी तो कधीच बाहेर येऊ शकत नाही, १,४०० कोटी वर्षांत तर नाहीच, पण त्याच्या कोटी पट काळातही नाही.

हे कोडं खरोखरच रदरफोर्डना पडलं होतं. पोलोनियम-२१२ ला तेव्हा ‘थोरियम सी प्राइम’ म्हणत. त्याचे जोरदार अल्फा युरेनियमवर सोडले, तर ते केंद्राजवळ सुमारे ३० फेमटोमीटरपर्यंत जाऊन परततात, आणि तिथवर निव्वळ विद्युत प्रतिकर्षणच दिसतं. म्हणजे डोंगर ८.८ एमईव्हीपेक्षा नक्कीच उंच आहे. मग त्याच युरेनियममधून अवघ्या ४.२ एमईव्हीचा अल्फा बाहेर कसा येतो? माथ्यावरून घरंगळला असता तर त्याच्याकडे कितीतरी जास्त ऊर्जा असायला हवी होती.

मग तो बाहेर येतो कसा?

याचं उत्तर १९२८ साली दोन ठिकाणांहून स्वतंत्रपणे आलं: एकीकडे जॉर्ज गॅमो, दुसरीकडे रोनाल्ड गर्नी आणि एडवर्ड कॉन्डन. पुंजयामिकीत कणाचं वर्णन तरंगाने होतं. डोंगराच्या आतल्या भागात, जिथे कणाची ऊर्जा कमी पडते, तिथे तरंग एकदम शून्य होत नाही. तो घातांकी वेगाने विझत जातो. डोंगर अनंत रुंद नसल्यामुळे पलीकडच्या कडेला त्याचा अगदी क्षीण अंश शिल्लक राहतो. तो अंश म्हणजे कण पलीकडे सापडण्याची शक्यता. यालाच टनेलिंग म्हणतात.

इथे मुलं हमखास विचारतात, ‘सर, कण थोडा वेळ ऊर्जा उसनी घेतो का?’ पुष्कळ ठिकाणी तसं लिहिलेलं असतं, पण ते मनातून काढून टाका. ऊर्जा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ४.०८ एमईव्हीच राहते, कुठेही उसनवारी होत नाही. डोंगराच्या बाहेरच्या कडेला, ६२ फेमटोमीटरवर, ही सगळी ऊर्जा प्रतिकर्षणाची स्थितिज ऊर्जा असते आणि कणाची गतिज ऊर्जा शून्य. तिथून पुढे विद्युत प्रतिकर्षण त्याला ढकलतं आणि वेग देतं. आपल्या उपकरणात जी गती दिसते, ती सगळी त्याने बाहेरच्या उतारावर मिळवलेली असते.

‘बोगदा’ हा शब्द बरोबर आहे का?

एका बाबतीत फार बरोबर आहे आणि पुणेकरांना तो पटकन कळतो. कात्रजचा जुना बोगदा घाट चढून वर गेल्यावर लागतो, तो आखूड आहे. नवा बोगदा खालून काढला, तो बराच लांब आहे. डोंगर तोच, पण जितक्या खालून पार कराल तितका तो रुंद लागतो.

अल्फाचंही हेच. त्याची ऊर्जा म्हणजे तो कोणत्या उंचीवरून डोंगर पार करतो ते. थोरियमचा अल्फा ४.०८ वर आहे, त्या उंचीवर डोंगर ९ पासून ६२ फेमटोमीटरपर्यंत पसरलेला आहे, म्हणजे ५३ फेमटोमीटर रुंद. पोलोनियमचा अल्फा ८.९५ वर आहे, तिथे तोच पसारा ९ पासून २६ पर्यंत, म्हणजे फक्त १७. शिवाय पोलोनियमच्या डोक्यावर शिल्लक उंचीही कमी आहे. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने मदत करतात.

उपमा इथे संपते. कोणी काही खणत नाही आणि कण आत कुठे अडकूनही पडत नाही.

ठीक, डोंगर तिप्पट रुंद झाला. मग अर्धायुष्य तिप्पट का नाही? चोवीस शून्यं का?

या उत्तरावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

तरंग विझण्याची रीत समजून घ्या. समजा, एका ठरावीक जाडीत तो दहाव्या भागावर येतो. मग तेवढीच जाडी आणखी वाढवली तर शंभराव्या भागावर, आणखी वाढवली तर हजाराव्या. जाडीची बेरीज होते, पण शक्यतेचा गुणाकार होतो. म्हणून पार होण्याची शक्यता अशी लिहितात:

`P = exp(-2G)`

`2G` या संख्येत डोंगराची रुंदी आणि शिल्लक उंची दोन्ही येतात. आकारात उतार असल्यामुळे प्रत्येक बिंदूपाशी विझण्याचा वेग वेगळा असतो, म्हणून संकलन करावं लागतं. ते सुदैवाने सुटतं. थोरियमसाठी `2G` सुमारे ८९ येतं, पोलोनियमसाठी सुमारे ३२. पाहा, तिपटीहूनही कमी फरक आहे. पण हे आकडे घातांकात बसलेले आहेत. पहिल्याची शक्यता एक भागिले एकावर जवळजवळ ३९ शून्यं, दुसऱ्याची एक भागिले एकावर १४ शून्यं. या दोन्हींतला फरकच ते अवाढव्य गुणोत्तर.

आता काळ काढू. केंद्रात अल्फा फिरतो असं मानलं, तर त्याचा वेग आणि केंद्राचा व्यास पाहता तो सेकंदाला सुमारे १० चा २१ वा घात इतक्या वेळा कडेवर आदळतो. प्रत्येक धडकेत सुटण्याची शक्यता `P`. गुणाकार केला की सेकंदाला सुटण्याचा दर मिळतो, आणि ०.६९३ ला त्या दराने भागलं की अर्धायुष्य. घरी करून बघायचं असेल तर एवढं पुरतं:

```python
from math import sqrt, acos, exp, log

def two_G(Z, A, Q):
    K = 2 * Z * 1.44
    R = 1.2 * (A**(1/3) + 4**(1/3))
    b = K / Q
    x = R / b
    m = 931.5 * 4.0015 * A / (A + 4.0015)
    k = sqrt(2 * m * Q) / 197.33
    return 2 * k * b * (acos(sqrt(x)) - sqrt(x * (1 - x)))

for Z, A, Q in [(88, 228, 4.08), (82, 208, 8.95)]:
    g = two_G(Z, A, Q)
    print(g, log(2) / 1e21 * exp(g))
```

`Z` आणि `A` मागे उरणाऱ्या केंद्राचे आहेत, `Q` एमईव्हीमध्ये, अंतरं फेमटोमीटरमध्ये. थोरियमचं उत्तर सुमारे ३.७ गुणिले १० चा सतरावा घात सेकंद येतं; मोजलेलं ४.४ आहे, घात तोच. पोलोनियमसाठी ०.०८ मायक्रोसेकंद येतं, मोजलेलं ०.३. चोवीस शून्यांच्या पल्ल्यात चार पटींची चूक! मी हे पहिल्यांदा हाताने सोडवलं, त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

‘थोडा’ बदल म्हणजे किती थोडा?

थोरियमच्याच गणितात ऊर्जा ४.०८ ऐवजी ४.१८ करा. अडीच टक्क्यांची वाढ. `2G` ८९ वरून ८७ वर येतं आणि अर्धायुष्य साडेसात पटींनी घटतं. २ हा आकडा ८९ पुढे किरकोळ दिसतो, पण ई चा दुसरा घात सातच्या वर असतो. `2G` मोठं असतं म्हणूनच त्याचे छोटे टक्केसुद्धा महाग पडतात.

निसर्गातही हेच दिसतं. थोरियम-२३० ची ऊर्जा ४.७७ आहे, थोरियम-२३२ पेक्षा फक्त ०.६९ ने जास्त, आणि अर्धायुष्य सुमारे ७५ हजार वर्षं. म्हणजे १,४०० कोटींच्या जवळजवळ दोन लाखाव्या भागाइतकं. गायगर आणि नटॉल यांना १९११ मध्येच हा संबंध दिसला होता. त्यांनी अल्फाचा हवेतला पल्ला मोजला होता: जास्त ऊर्जेचा कण लांब जातो. थोरियमचा अल्फा हवेत साधारण अडीच सेंटिमीटर जातो, पोलोनियम-२१२ चा साडेआठ. कारण मात्र त्यांच्याकडे नव्हतं. ते सतरा वर्षांनी मिळालं.

माझं उत्तर वीस पट चुकतं. कुठे घसरलो?

बहुतेक वेळा `Z` मध्ये. मुलं मूळ केंद्राचे ९० प्रोटॉन घालतात. पण अल्फा बाहेर पडताना त्याला ढकलतात ते मागे उरलेले ८८. फक्त एवढ्या चुकीने `2G` तीनने वाढतं आणि अर्धायुष्य सुमारे अठरा पट होतं. उत्तर मोजमापाच्या पंधरा-वीस पट जास्त आलं, तर आधी हेच तपासा.

दुसरी चूक ऊर्जेची. तक्त्यात अल्फाची गतिज ऊर्जा दिलेली असते, थोरियमसाठी ४.०१. पण मागचं केंद्रही बंदुकीसारखं मागे ढकललं जातं आणि ०.०७ एमईव्ही घेऊन जातं. गणितात दोन्हींची बेरीज, म्हणजे ४.०८ घालायची. ४.०१ घातली तर अर्धायुष्य सुमारे चौपट येतं. असं उत्तर विशेष फसवं असतं, कारण चार पटींची चूक ‘मॉडेलच ढोबळ आहे’ म्हणून सहज पचून जाते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत मी ही चूक वर्षानुवर्षं पाहिली आहे आणि प्रत्येक वेळी हळहळलो आहे, कारण बाकीचं सगळं अचूक असतं.

म्हणजे सूत्र अचूक आहे?

नाही, आणि तसं भासवणं अप्रामाणिक होईल. केंद्राची त्रिज्या मी १.२ च्या गुणकाने काढली. ती एका फेमटोमीटरने बदलली तर थोरियमचं अर्धायुष्य साठ-सत्तर पट बदलतं. शिवाय केंद्राच्या आत अल्फा तयार होऊन बसलेला असतो, हे आपण गृहीत धरलं. प्रत्यक्षात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन कडेपाशी एकत्र येण्याचीही एक शक्यता असते, आणि ती केंद्रागणिक बदलते. वरचा ताळमेळ इतका सुरेख येण्यात या गोष्टींनी एकमेकींना सावरून घेण्याचाही वाटा आहे. पण त्या सगळ्यांचा मिळून परिणाम काही शून्यांचा. चोवीस शून्यं येतात ती घातांकातूनच.

नियम कुठे मोडतो तेही पाहा. युरेनियम-२३५ ची क्षय-ऊर्जा ४.६८ आहे आणि युरेनियम-२३६ ची ४.५७. नियमाने २३५ लवकर जायला हवं. प्रत्यक्षात २३६ चं अर्धायुष्य २.३ कोटी वर्षं आणि २३५ चं ७० कोटी, म्हणजे तीस पट. कारण २३५ मध्ये एक न्यूट्रॉन जोडीविना उरतो. अल्फा गेल्यावर तो सहसा आपली जागा सोडत नाही, म्हणून मागचं केंद्र बहुतेकदा उत्तेजित अवस्थेत राहतं आणि अल्फाच्या वाट्याला पूर्ण ऊर्जा येत नाही. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम असलेल्या केंद्रांपुरताच नियम चोख बसतो. आलेख काढताना विषम केंद्रं त्यात मिसळू नका. बिंदू विखुरतात आणि सगळं मुसळ केरात जातं.

पोलोनियम-२१२ लाच एवढी ऊर्जा कुठून मिळाली?

त्याच्या शेवटातून. अल्फा गेल्यावर उरतं शिसं-२०८: ८२ प्रोटॉन, १२६ न्यूट्रॉन, दोन्ही थर पूर्ण भरलेले. इतकं घट्ट बांधलेलं केंद्र तयार होतं, म्हणून फरकाची ऊर्जा भरपूर सुटते. पोलोनियम-२१० मध्ये फक्त दोन न्यूट्रॉन कमी आहेत. त्यात १२६ चा भरलेला थर आधीच आहे आणि अल्फा बाहेर पडताना तो मोडावा लागतो. ऊर्जा उरते ५.४१. अर्धायुष्य १३८ दिवस.

बत्ती पेटवल्यावर थोरियम लवकर संपतं का?

नाही. मेंटल दोन हजार अंशांच्या आसपास तापलं तरी एका कणाच्या वाट्याला येणारी उष्णता इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पाचव्या भागाइतकी असते. ती सगळी अल्फाला मिळाली असं गृहीत धरलं, तरी अर्धायुष्यात दहा लाखांत चार भागांइतका फरक पडेल. आणि ती मिळतही नाही, कारण उष्णतेने अख्खा अणू हलतो, केंद्राच्या आतला हिशेब तसाच राहतो.

असं मेंटल घरात ठेवावं का?

जाड प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवलं तर अल्फा पिशवीच्या प्लास्टिकमध्येच थांबतात. धोका राख आणि धूळ श्वासातून किंवा तोंडातून आत जाण्याचा आहे, म्हणून जळकं मेंटल चुरगाळू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका आणि हाताळल्यावर हात धुवा.

मेंटलवरून दोन्ही अल्फा वेगळे ओळखता येतात का?

साध्या गायगर काउंटरने नाही, तो फक्त टक एवढंच सांगतो. पण अंतराने बरंच कळतं. खिडकी मेंटलपासून चार-पाच सेंटिमीटर दूर नेली, की थोरियम-२३२ चे अल्फा हवेतच संपलेले असतात, पोलोनियम-२१२ चे मात्र अजून पोहोचतात. साखळीतले मधले काही अल्फाही तिथवर येतात आणि बीटा तर खिडकीतून शिरतातच, म्हणून मध्ये एक कागद धरून आणि काढून दोन्ही मोजण्या घ्या. कागदाने जेवढे ठोके कमी होतात, तेवढे अल्फांचे. मग अंतर साडेआठ सेंटिमीटरच्या पलीकडे न्या आणि तोच कागद पुन्हा धरून पाहा: आता त्याने काहीच फरक पडत नाही.